स्वतःच्या धर्मावर लिहिताना क्रियापदं तपासा

धर्म-अभ्यासाच्या वर्गातल्या पहिल्या निबंधात स्वतःचाच धर्म निवडला असेल, तर आधी वाक्यांचे कर्ते आणि क्रियापदं बघा. आतला माणूस कुठे बोलतोय आणि अभ्यासक कुठे, ते तिथेच कळतं.

समजा, तुम्ही लिहिलंत: ‘सामूहिक प्रार्थनेनंतर देवाने आपल्याला बळ दिलं.’ इथे ‘देवाने’ हा कर्ता श्रद्धेचा आहे आणि ‘आपल्याला’ म्हणताना तुम्ही वाचकालाही भक्तांत बसवलंत. तो कदाचित तुमच्या धर्माचा नसेलही. मग घाबरून दुसरं टोक गाठू नका. ‘देवाने बळ दिलं म्हणे’ किंवा ‘अशी त्यांची भाबडी समजूत आहे’ म्हणजे खोटं ठरवणंच, आणि तो निवाडा तुमच्या पुराव्यातून निघत नाही. मी असं लिहा म्हणेन: ‘प्रार्थनेनंतर बळ मिळालं, असं सहभागी सांगतात, ते याचं श्रेय देवाला देतात.’ देव आहे की नाही, हा प्रश्न इथे बाजूला ठेवलाय. धर्मांचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी याला पद्धतीपुरता अज्ञेयवाद म्हटलं. पद्धतीपुरता, हे महत्त्वाचं; तुमची श्रद्धा सोडायला कुणी सांगत नाही.

आतल्याची खरी चूक मात्र वेगळीच असते, आणि ती भक्तीपेक्षा जास्त नडते: ‘आमच्यात असंच करतात.’ आमच्यात म्हणजे कुणात? बहुतेकदा तुमच्या घरात. त्याच धर्मातल्या दुसऱ्या पंथाच्या माणसाला ते वाक्य वाचून दाखवा. त्याने नकारार्थी मान हलवली, तर कर्ता बदला: ‘माझ्या कुटुंबात’.