थोरल्याला डावलू कसा?

“ताई, मृत्युपत्र लिहून तयार आहे. एक्झिक्युटर म्हणून कुणाचं नाव घालायचं, एवढ्यावर तीन महिने अडलंय. थोरल्याचं घातलं नाही तर त्याला काय वाटेल?”

याच काळजीने अडलेली माणसं माझ्याकडे वारंवार येतात. एक्झिक्युटर म्हणजे आपल्या मागे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस. त्यांपैकी एका काकांची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून. पत्नी गेलेली, मुलं तीन: थोरला मुलगा, मधली मुलगी, धाकटा मुलगा.

पहिल्या भेटीत मी विचारलं, “तुमच्या मागे या माणसाला नेमकं काय करायचंय?”

“वाटण्या करायच्या, दुसरं काय?”

गाडी अडते ती इथेच. वाटणी हे सगळ्यात शेवटचं काम. त्याआधी मूळ मृत्युपत्र शोधायचं, मृत्युदाखल्याच्या प्रती काढायच्या, घर आणि कागदपत्रं सुरक्षित ठेवायची. मृत्यूच्या दिवशी काय मालमत्ता होती आणि कुणाचं किती देणं होतं, त्याची यादी करायची. कायदा मागत असेल तिथे न्यायालयातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, घ्यायचा. येणारा पैसा स्वतःच्या पैशात न मिसळता वेगळ्या खात्यात ठेवायचा. त्यातून अंत्यविधीचा आणि कारभाराचा खर्च, कर्ज, कर भागवायचे आणि मगच वारसांकडे वळायचं.

काका म्हणाले, “देणी काय, देतील सगळे मिळून.”

मी कागद पुढे ओढला. “समजा, मागे शंभर भाग आहेत. धाकट्याला चाळीस, उरलेलं थोरल्याला आणि मुलीला निम्मं निम्मं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे प्रत्येकी तीस. पण कर्ज आणि खर्च मिळून चाळीस भाग गेले तर?”

त्यांनी बोटांवर हिशेब केला. देणी सहसा आधी ‘उरलेल्या’तून जातात. धाकट्याचे चाळीस तसेच राहतात आणि बाकी दोघांना दहा-दहा येतात. काका बराच वेळ त्या दहाच्या आकड्याकडे बघत राहिले.

“आता ही बातमी भावंडांना कोण देईल? आणि देणी फिटायच्या आत ‘माझा हिस्सा आत्ताच दे’ म्हणून कुणी रडलं, तर नाही कोण म्हणेल?”

आधी वाटून टाकलं आणि मागून सावकार उभा राहिला, तर ती भरपाई एक्झिक्युटरच्या स्वतःच्या खिशातून जाऊ शकते. म्हणून नुसत्या प्रेमळ माणसाला ही जागा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

थोरल्याबद्दल काका भरभरून बोलले. दिलदार आहे, कुणाला नाही म्हणत नाही. बोलता बोलता स्वतःच थांबले.

पुढच्या भेटीत वेगळंच निघालं. पत्नीच्या आजारपणात मुलगी खर्च बघत होती. पत्नी गेल्यावर पंधरा दिवसांनी मुलीने एक लिफाफा आणून दिला. त्यात औषधाच्या पावत्या तारखेवार टाचलेल्या, कोणत्या भावाने किती दिले याची यादी आणि उरलेली रक्कम, सुट्ट्या नाण्यांसकट. “आई गेली आणि ही हिशेब देतेय! मला फार लागलं होतं ते.”

“लिफाफा आहे अजून?”

“आहे. टाकवला नाही.”

मी गप्प राहिले. माणूस स्वतःबद्दल काय सांगतो यापेक्षा दुसऱ्याचा पैसा हाताळताना काय करतो ते बघावं, असं मी मानत आले आहे. पण हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि ते न सांगणं जमलं याचं मला समाधान आहे. काकाच हळू आवाजात म्हणाले, “तिने भावांचे पैसेही वेगळे लिहिले होते. कुणी मागितलं नसताना.”

मग कामं भराभर झाली. त्यांनी मुलीला आधी विचारलं. न विचारता नाव घालू नये, कारण नेमलेला माणूस जबाबदारी नाकारू शकतो, आणि ते कारभाराला हात घालण्याआधी करणंच बरं. तिला स्वतःला हिस्सा मिळणार होता, पण तेवढ्याने सहसा काही अडत नाही. तिला जमलं नाही तर म्हणून एक पर्यायी नावही घातलं. दोघांना एकत्र नेमायला मी सुचवलं नाही. मतभेद झाला की एकेका सहीसाठी काम खोळंबतं.

थोरल्याला काकांनी घरी बोलावून सांगितलं. दोन आठवडे तो नीट बोलला नाही. मग एका संध्याकाळी त्याने विचारलं, “तिला कागद सापडतील ना? कुठे ठेवलेत?”

काकांनी कपाट उघडून दाखवलं. मूळ मृत्युपत्राशेजारी खात्यांची आणि देण्यांची यादी होती. खाली तो लिफाफा.