आधी एकक लिही, मग आकडा

पोरी, शिरेतल्या औषधाचा डोस आणि थेंब काढायचं हँडआउटमधलं सूत्र पाठ करू नकोस, प्रत्येक आकड्यापुढं एकक लिहीत जा. आपल्या मेळघाटातल्या वॉर्डात येणारं 12 किलोचं तापाचं लेकरू घे. डॉक्टरांची ऑर्डर: पॅरासिटामॉल शिरेतून, किलोला 15 मिलिग्रॅम, 15 मिनिटांत. 12 किलो गुणिले किलोला 15 मिलिग्रॅम: किलोला किलो कटतो, उरतात 180 मिलिग्रॅम.

इथंच थांब. हे मिलिग्रॅम आहेत, मिली नाहीत. बाटलीवर 1 मिलीत 10 मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणून 180 भागिले 10, फक्त 18 मिली. उत्तर 100 मिलीच्या बाटलीपेक्षा जास्त आलं, तर भागाकार राहिला समज. उरलेलं औषध चुकून जाऊ नये म्हणून 18 मिलीच ब्युरेटमध्ये, म्हणजे मिलीच्या खुणा असलेल्या नळीत घे. अख्खी बाटली लेकराला लावायची नाही.

आता थेंब. सलाइनच्या सेटचं पाकीट फेकण्याआधी वाच. मायक्रो सेटला मिलीला 60 थेंब: 18 गुणिले 60 भागिले 15, मिनिटाला 72. साध्या 20 थेंबांच्या सेटला हेच 24 येतं. माझ्या पहिल्या वर्षी मी पाकीट न बघता सेट लावला होता, सिस्टरांनी वेळीच पकडलं. थेंब घड्याळ धरून पूर्ण मिनिट मोज, आणि मांडलेलं गणित दुसऱ्या सिस्टरला कोऱ्या कागदावर करायला लाव.