ॲव्हरेज करताना हिस्सा कुठे पोचतो ते बघा

> “५ लाखांचा पोर्टफोलिओ आहे, त्यात एकच शेअर ३० टक्के झालाय. भाव अजून पडलाय, ॲव्हरेज करू का? घरी रावेरला केळी आहे, पैसे काढायची घाई नाही.”

भाऊ, अगदी याच जागी मी अडकलो होतो, म्हणून लिहितोय. मी सल्लागार नाही, भुसावळचा साधा नोकरदार माणूस आहे.

माझेही ५ लाखच होते. ४०० रुपयांनी १०० शेअर घेतले, म्हणजे ४० हजार, एकूण पैशांच्या ८ टक्के. इथवर ठीक होतं. भाव ३०० वर आला तेव्हा २०० घेतले, २२० ला आणखी ५००. सरासरी २६२ वर आली आणि मी खूश! पण २ लाख १० हजार, म्हणजे ४२ टक्के पैसा एकाच शेअरमध्ये गेलाय, हे मी पाहिलंच नाही. ॲपवर सरासरी ठळक दिसते, हिस्सा आपण हिशोब करून काढावा लागतो.

ज्या ब्रोकरच्या ऑफिसात मी जायचो, तिथला माणूस दर वेळी म्हणायचा, “साहेब, स्वस्तात मिळतोय.” त्याला प्रत्येक खरेदीवर दलाली मिळत होती, हे मला फार उशिरा कळलं. पुढे रोज ५ टक्क्यांचं लोअर सर्किट लागायला लागलं. विकायची ऑर्डर टाकली तरी समोर घेणाराच नाही. फोन केला की “नंबर लागेल” एवढंच. १३-१४ सत्रांत २२० चा ११० झाला. नुकसान १ लाख २२ हजार, एकूण पैशांच्या २४ टक्के. पहिल्या १०० शेअरवर थांबलो असतो तर २९ हजार गेले असते. शेअर तोच, पडलाही तेवढाच.

म्हणून आता खरेदीआधी एवढंच बघतो, की हा शेअर अर्धा झाला तर एकूणातले किती जातील? ८ टक्के हिस्सा असेल तर ४ जातील, ते सोसतं. ३० असेल तर १५, मग झोप लागत नाही. माझ्यापुरता नियम असा की खिशातून ८ टक्क्यांपेक्षा जास्त घालायचे नाहीत. भाव वाढून हिस्सा १५ वर गेला तर चालेल, पण त्यापुढे थोडा विकतो. छोट्या, कमी उलाढालीच्या शेअरला ३-४ टक्केच, कारण सर्किट लागलं की स्टॉपलॉस काही कामाचा नाही. हे आकडे काही वेदवाक्य नाहीत.

तुम्ही नवीन पैसा घालू नका, असंच मी म्हणेन. लगेच सगळा विका असं नाही, पण उसळी येईल तसा टप्प्याटप्प्याने १०-१२ टक्क्यांवर आणा.

आणि केळीचं लिहिलंत म्हणून सांगतो. तो शेअर खताचा किंवा ठिबकचा असेल तर ३० टक्के हा आकडाही खोटा आहे, खरी जोखीम त्याहून जास्त. ज्या वर्षी वादळात बाग आडवी होते किंवा केळीचा भाव पडतो, त्याच वर्षी असे शेअरही मार खाऊ शकतात, आणि नेमके तेव्हाच पैसे काढायची घाई होते.

शेअरचं नाव मात्र इथे टाकू नका, लोक लगेच टार्गेट द्यायला सुरुवात करतील.