भरतीपेक्षा ओहोटीकडे बघा

प्रश्न: समुद्राची पातळी वर्षाला तीन-चार मिलिमीटर वाढते म्हणे. आमची शेती खाडीकाठी आहे, राहतो नवी मुंबईत. एवढ्याशा वाढीने बांधाचं किंवा शहराचं काय बिघडणार? आणि हे जास्तीचं पाणी येतं कुठून, बर्फातून की उष्णतेने?

माझं आजोळ पेणजवळच्या खारेपाटात. गावच्या उघाडीवर लक्ष ठेवायचं काम मामाकडे होतं. तुमच्या शेताला खाडीचं पाणी अडवणारा खारबांध असेल तर उघाडी तुम्ही पाहिलीच असेल, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. बांधाच्या पोटातून काढलेली दगडी मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली लाकडी झडप. भरती चढली की खाडीचं पाणीच ती झडप दाबून धरतं. ओहोटी लागून बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं की शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, माणूस नाही. मामा म्हणायचा, "भरतीला काय घाबरायचं, ओहोटी किती उतरते ते बघ." पुढे मी मुंबईत पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या कामांवर राहिलो, आणि या वाक्याचा अर्थ मला तिथे आकडे मांडताना कळला.

आधी पाणी येतं कुठून ते. दोन्हीकडून. १९७१ ते २०१८ या काळात जगभर जी पातळी वाढली, तिच्यातली साधारण निम्मी वाढ समुद्राचं पाणी तापून फुगल्यामुळे झाली. चाळिसेक टक्के वाटा हिमनद्यांचा आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकावरच्या बर्फाचा, उरलेला जमिनीवरून समुद्रात गेलेल्या पाण्याचा. २००६ नंतर मात्र बर्फाचा वाटा फुगण्याच्या पुढे गेला आहे.

फुगण्याबद्दल लोकांना पटत नाही, कारण चुलीवरचा हंडा काही तेवढ्याने उतू जात नाही. हंड्यात पाणी असतं फूटभर. एक अंश तापलं तर ते चढणार मिलिमीटरच्याही दहाव्या भागाहून कमी. समुद्राच्या वरच्या ७०० मीटर थराला हाच हिशोब लावा. साधारण १५ अंशांचं खारं पाणी एका अंशाला दहा हजारांत दोन भाग फुगतं, म्हणजे तो थर एक अंश तापला की १४ सेंटिमीटर. पाणी बाजूला पसरू शकत नाही, वरच चढतं. बर्फाचं गणित याहून सरळ आहे: जमिनीवरचा सुमारे ३६० अब्ज टन बर्फ वितळून समुद्रात गेला की जगभरची पातळी एक मिलिमीटर वाढते. पाण्यावर आधीच तरंगणारा बर्फ वितळला तर जवळपास काही फरक पडत नाही, त्याने आपली जागा आधीच व्यापलेली असते. एक गंमत अशी, की ग्रीनलंडचा प्रचंड बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. तो बर्फ घटला की तिथल्या किनाऱ्यावर पाणी उतरतं आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीहून थोडं जास्त चढतं. कोकण या दूरच्यांपैकी.

आता तुमचा मुख्य प्रश्न. जागतिक सरासरी वाढ २००६ ते २०१८ दरम्यान वर्षाला ३.७ मिलिमीटर होती आणि हा वेग वाढता आहे. १९९५-२०१४ च्या पातळीपासून मोजलं तर २०५० च्या सुमारास अंदाजे २० सेंटिमीटर. कार्बनचं प्रदूषण आवरलं काय, न आवरलं काय, तोवर फारसा फरक दिसत नाही. ३० सेंटिमीटरचा टप्पा त्यानंतरच्या दोनेक दशकांत. फूटभर. बांध तर त्याहून उंच असतो, मग काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे.

बिघडतं ते उघाडीचं. मुंबईच्या आसपासचे आकडे घेऊन बघू. भरतीच्या तक्त्यातला शून्य हा अगदी खालच्या ओहोटीजवळचा असतो, आणि त्या मोजणीत समुद्राची सरासरी पातळी येते साधारण अडीच मीटरवर. समजा तुमच्या शेतातलं पाणीही अडीच मीटरवर आहे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी ०.७ पासून ४.३ मीटरपर्यंत हलतं असं धरू. भांगाला, अष्टमीच्या आगेमागे, ते जेमतेम १.८ ते ३.२ मध्ये हलतं. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं. त्यातला निम्मा वेळ, सव्वासहा तासांच्या जवळपास, बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली असतं. तेवढा वेळ उघाडी वाहते, उधाण असो की भांग.

आता सगळा समुद्र ३० सेंटिमीटरने वर उचला. उधाणाला उघाडीचा वेळ ४० मिनिटांनी घटतो. भांगाला तो पावणेदोन तासांनी घटतो आणि साडेचार तासांच्याही आत येतो. भांगाची ओहोटी मुळात उथळ, त्यामुळे तेवढ्याच वाढीने तिचा जास्त मोठा भाग खाल्ला जातो. त्यात झडपेतून किती पाणी जाईल हे आतल्या-बाहेरच्या पातळीतल्या फरकावर ठरतं, आणि तो फरकही आखडलेला. वेळ आणि वेग दोन्ही धरले तर उधाणाच्या ओहोटीत बाहेर जाणारं पाणी सुमारे पाचव्या भागाने घटतं, भांगाच्या ओहोटीत चाळीस टक्क्यांहून जास्त. म्हणून बांधावरून पाणी येण्याची भीती उधाणाची, पण शेतात पाणी तुंबण्याची भीती भांगाची. जुलैत अष्टमीच्या सुमाराला जोराचा पाऊस लागला आणि भात चार दिवस पाण्याखाली राहिलं, तर बांध जागच्या जागी असूनही पीक गेलेलं असतं.

हे नुसतं समुद्रानेच होतं असं नाही, आणि इथे लोक फसतात. उघाडीच्या तोंडाशी गाळ साचून खाडीचा तळ वर आला तरी झडप उशिरा उघडते. फळकूट किंवा तिवराची फांदी अडकली तर ती नीट मिटत नाही आणि खारं पाणी आत येतं. बांधात खेकड्यांची बिळं पडून आतून झिरपू लागलं तर त्याच जागी पुढे बांध फुटून खांड जाते. ओळखायची खूण सोपी: पावसाळा सरल्यावर शेताच्या एकाच कोपऱ्यात मिठाची पांढरी पूड फुलली तर दोष झडपेचा किंवा बिळाचा. पांढरं कुठेच नाही, पण दर पावसाळ्यात पाणी जास्त दिवस राहतंय, तर निचरा आखडला आहे. मग आधी गाळ काढून बघा. गाळ काढल्यावरही ओहोटीला झडप पूर्वीसारखी लवकर उघडत नसेल तर समुद्राचा संशय घ्या.

नवी मुंबई म्हणजे मोठी उघाडीच आहे. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली. म्हणून आखणी करतानाच पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव ठेवले आणि त्यांच्या खाडीकडच्या तोंडाला एकतर्फी झडपा बसवल्या. कल्पना डच पद्धतीची म्हणतात, पण आमच्या खारेपाटातल्या कुठल्याही आजोबांनी ती लगेच ओळखली असती. भरती असेल तेवढा वेळ पाणी तलावात थांबतं, ओहोटीला आपोआप जातं. या तलावांत वर्षानुवर्षं गाळ बसला, कांदळवन वाढलं. कांदळवन कायद्याने संरक्षित, त्यामुळे गाळ काढणं हा परवानग्यांचा विषय होऊन बसला.

इथे मघाचाच हिशोब लावा. एक चौरस किलोमीटर वस्तीचं पाणी एका तलावात येतं असं धरू. झडप पावणेदोन तास जास्त बंद राहणार, आणि त्या वेळात ताशी ३० मिलिमीटर पाऊस पडला. काँक्रीटवरून जवळपास सगळं वाहून येतं, म्हणजे साडेबावन्न हजार घनमीटर जास्तीचं पाणी. तलावात दीड मीटर उंचीची जागा वापरायला मिळत असेल तर त्यासाठी आणखी साडेतीन हेक्टर तलाव हवा. शिवाय ओहोटीची पातळी वर सरकली की आहे तो तलावही पूर्वीइतका रिकामा होत नाही, तो तोटा निराळा. एवढी जमीन त्या शहरात आता कुठून आणणार?

जागा नसेल तिथे पंप. मुंबईत समुद्रात पाणी सोडणारी १८६ पातमुखं मोजलेली होती, त्यांतली फक्त सहा भरतीच्या पातळीच्या वर. ४५ तर सरासरी समुद्रपातळीच्याही खाली. म्हणून हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी पंपिंग स्टेशनं उभी राहिली. पंपासोबत दरवाजा लागतोच, नाहीतर तुम्ही समुद्रच उपसत बसाल. हिंदमाताजवळ मैदानांखाली टाक्या केल्या, त्या म्हणजे जमिनीखालचे धारण तलाव. पंपाची अडचण अशी की तो आकड्यावर विकत घेतात: अमुक इतकं पाणी, अमुक उंचीवर. समुद्र चढला की उंची वाढते, तोच पंप कमी पाणी टाकतो आणि वीज चालूच राहते.

मग नियोजन कसं करायचं? माझं मत लंडनच्या पद्धतीकडे झुकतं. टेम्स नदीच्या मुखासाठी २०१२ मध्ये त्यांनी जो आराखडा केला, त्यात कामं सालांना न बांधता पाण्याच्या पातळीला बांधली. समुद्र अमुक सेंटिमीटर चढला की पुढचं काम सुरू व्हायला हवं, आणि त्या कामाला बांधायला दहा-पंधरा वर्षं लागत असतील तर निर्णय तेवढा आधी. वेग अंदाजापेक्षा जास्त निघाला तर तारखा अलीकडे येतात, आराखडा बदलत नाही. आपल्याकडे त्याचा स्वस्त अवतार करता येतो. खारबांध आज फूटभरच उंच करा, पण पाया असा रुंद ठेवा की पुढे वर आणखी माती चढवता येईल. अरुंद पायावर नंतर चढवलेली माती खाडीत बसते, हे मी दोनदा पाहिलंय. शहरात पंपघर बांधताना एका जादा पंपाची खोली रिकामी सोडा. आणि खाजण मोकळं आहे तिथे भराव टाकू देऊ नका, कारण भरतीच्या तासांत पाणी थांबायला तीच जागा आहे.

तुमच्या शेतापुरतं सांगायचं तर उघाडीशेजारी आतून आणि बाहेरून सेंटिमीटरच्या खुणा केलेली एकेक पट्टी रोवून घ्या. दोन्हींचा शून्य एकाच पातळीवर आणा, पारदर्शक नळीत पाणी भरून ते जमतं. मग दर जुलै-ऑगस्टच्या अष्टमीला, शक्यतो पाऊस उघडलेला असताना, झडप कधी उघडली, कधी मिटली आणि ओहोटी बाहेरच्या पट्टीवर किती उतरली हे वहीत लिहा. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका, पावसाळी वारा एकट्यानेच वितभर फरक पाडू शकतो.