टोल फ्री नंबर आणि शॉर्ट कोड

प्रश्न: टोल फ्री नंबर आणि ते ५-६ आकडी छोटे नंबर आपल्या साध्या नंबरपेक्षा वेगळे कसे? कोण वापरतं ते?

उत्तर: साध्या नंबरमागे एक ठरलेली लाईन किंवा सिम असतं, टोल फ्रीच्या मागे तसं काहीच नसतं, ते नुसतं एक टोपणनाव समजा. तुम्ही १८०० वाला नंबर लावला की नेटवर्क आधी डेटाबेसमध्ये बघतं की आत्ता हा कॉल कुठल्या खऱ्या नंबरवर टाकायचा, म्हणून तर बँक किंवा विमा कंपनी दिवसा एका शहरातल्या कॉल सेंटरला आणि रात्री दुसऱ्या शहरात कॉल वळवू शकते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. कॉलचं बिल तो उचलणाऱ्या कंपनीला येतं. पण परदेशातून हे नंबर बरेचदा लागतच नाहीत, म्हणून प्रवासाला जाताना बँकेचा साधा नंबर पण लिहून घ्या.

शॉर्ट कोड मुख्यतः मेसेजसाठी. कंपनी तो भाड्याने घेते, मग प्रत्येक मोबाईल ऑपरेटरला तो आपल्याकडे चालू करावा लागतो. एखाद्या ऑपरेटरने केला नसेल तर त्याच्या ग्राहकांचा मेसेज जातच नाही. एकदम लाखो ओटीपी पाठवायला किंवा टीव्ही शोची मतं झेलायला हेच बरं पडतं. फक्त, काही कोडवर मेसेज पाठवायला जास्त पैसे कापतात, तेवढं आधी बघा.