पाच आकडे, सात तुलना

प्रश्न: मर्ज इन्सर्शन सॉर्टने ५ आकडे ७ तुलनांत कसे लावायचे? माझ्या ८ होतात.

उत्तर: बहुतेक घालण्याचा क्रम चुकतोय. अ-ब आणि क-ड या जोड्या लावा, मग दोन्हींतले मोठे एकमेकांशी ताडून बघा. झाल्या ३ तुलना. समजा अ<ब<ड निघालं, आणि क<ड हे माहीतच आहे. आता आधी इ घाला: पहिली तुलना बशी, म्हणजे २ तुलनांत जागा सापडते. राहिला क. तो डच्या खालीच असणार आणि तिथे फार तर अ, ब, इ हे तिघंच, म्हणून पुन्हा २. एकूण ७.

क आधी घातलात तर त्यालाही २ लागतात, पण मग इसाठी समोर चार आकडे उभे राहतात आणि ३ तुलना लागू शकतात. तुमची आठवी इथलीच असावी.

सातच्या खाली मात्र हमखास जाता येत नाही: क्रम १२० आणि ६ तुलनांतून फक्त ६४ उत्तरं वेगळी करता येतात.