आंबापोळी का टिकते, पेपरात कसं लिहायचं

अरे, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी विचारली की ओलावा किती टक्के ते लिहीत बसू नको, तिथेच मार्क जातात. a_w = p/p₀, म्हणजे पदार्थातल्या पाण्याचा बाष्पदाब भागिले त्याच तापमानाला शुद्ध पाण्याचा. आता आपली आंबापोळी घे, बोटाला मऊ लागते म्हणजे पाणी आहेच, पण ते साखरेने धरून ठेवलंय, बुरशीला मिळत नाही. बहुतेक बॅक्टेरिया 0.91 खाली थांबतात, नेहमीच्या बुरशी 0.80 च्या आसपास, 0.60 खाली काहीच वाढत नाही. पण तीच पोळी जुलैत रत्नागिरीला उघडी ठेव, हवेत आर्द्रता 85 टक्के असेल तर ती पाणी ओढत ओढत 0.85 कडे जाते, आधी चिकट होते, मग कडेला पांढरे ठिपके. म्हणून उत्तरात पॅकिंग लिहायचंच.